आठ फुटांचं दुखणं

दादा दुकानात आला तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी घोळ आहे. वर्षभर तो माझ्या दारावरून मान वळवून जायचा. त्याचं दुकान माझ्या शेजारी, मधे एक विटेची भिंत, आणि तरी आम्ही एकमेकांना मेल्यासारखे. तो पंखे, दिवे, मिक्सर विकतो. मी फ्लेक्स छापते.

"एक बॅनर हवाय," तो उभ्यानेच म्हणाला. "फ्रेमसकट. वीस बाय चार."

वीस म्हटल्यावर मी हातातलं काम बाजूला ठेवलं. बाबांच्या या जागेचं रस्त्याकडचं तोंड वीस फुटांचं आहे. बाबा हाताने पाट्या रंगवायचे. जाण्याआधी त्यांनी स्वतः टेप धरून जागा वाटली, बारा फूट दादाला, आठ मला. मी त्यांच्या हाताखाली काम शिकले होते, म्हणून. दादाला ते आठ फूट तेव्हापासून डोळ्यात खुपतायत. "मुलीला कशाला दुकान?" हे त्याने बाबांच्या तोंडावर विचारलं होतं आणि पुढे माझ्याही तोंडावर, बऱ्याचदा, चढ्या आवाजात.

"तुझं तोंड बाराचं आहे," मी म्हटलं.

"शटरवरची भिंत सामाईक आहे. तिथे कुणी पट्टी मारलीय का तुझ्या नावाची?"

पट्टी नव्हती, पण माझी पाटी होती. बाबांनी रंगवलेली, पत्र्याची, अडीच फुटांची. खाली दादाच्या पंख्यांचे खोके माझ्या दारापर्यंत पसरलेले असतात, त्यामुळे रस्त्यावरून दिसते ती तेवढी पाटीच. ती झाकली की माझ्याकडे गिऱ्हाईक फिरकणार नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्याने फोनवर डिझाइन दाखवलं. डावीकडे त्याच्या दुकानाचं नाव, खाली मोठ्या अक्षरात 'बाबांच्या आशीर्वादाने', आणि उजवीकडे, शेवटच्या आठ फुटांत, बाबांचा हसरा फोटो. बरोबर माझ्या दारावर.

तळपायाची आग मस्तकात गेली. पंखा छापला असता तर मी शिडी लावून रातोरात उतरवला असता. बाबांचा चेहरा कोण उतरवणार? भर रस्त्यात बापाचा फोटो ओढून काढणारी मुलगी, असं लोकांनी म्हणावं, ही त्याची सगळी मखलाशी होती. वर छापायलाही माझ्याकडेच आणलं. माझ्या हाताने माझंच दार बुजवायचं, आणि तेही घरच्या भावात!

नाही म्हणायचं तर तो चौकातल्या दुसऱ्या छपाईवाल्याकडे गेला असता आणि संध्याकाळी तोच फोटो माझ्या डोक्यावर आला असता. म्हणून मी कॅल्क्युलेटर पुढे ओढला.

"वीस गुणिले चार, ऐंशी चौरस फूट. दहाचा दर. आठशे छपाईचे."

"ठीक."

"फ्रेम लोखंडी पाइपची, धावत्या फुटाला तीस. भोवतीने अठ्ठेचाळीस फूट. मधे दर चार फुटांवर एक उभा आधार लागतो, नाहीतर कापडाला पोट येतं. असे चार आधार, सोळा फूट. एकूण चौसष्ट. एकोणीसशे वीस."

"म्हणजे?"

"सत्तावीसशे वीस."

"डोकं फिरलंय का तुझं? फ्रेम छपाईच्या दुपटीहून जास्त?"

"कापड स्वस्त असतं, लोखंड नसतं."

"आधार काढून टाक."

"पहिल्या वाऱ्यालाच फडफडून फाटेल. मग माझ्याच नावाने शंख करशील."

"लुटायला बसलीयस! सख्ख्या भावाला!" त्याने पाकिटातून सतराशे रुपये काढून टेबलावर आपटले. "घरचं काम आहे. यात बसव. एक पैसा जास्त मिळणार नाही."

मी नोटा मोजल्या नाहीत, तोंडानेच हिशोब केला. "सतराशेत बारा बाय चार येतो, फ्रेमसकट. छपाई चारशे ऐंशी, पाइप चाळीस फूट, बाराशे. वर वीस रुपये उरतात."

"टोमणे मारू नकोस. परवा सकाळी लागला पाहिजे." तो निघाला, आणि दारात थांबून म्हणाला, "ती पत्र्याची पाटी तेवढी आधी काढून ठेव. बाबांच्या फोटोमागे गंजका पत्रा बरा दिसत नाही."

गंजका! बाबांच्या हातची अक्षरं ती. मी रडले, खोटं कशाला सांगू? रागाने रडले. मग डोळे पुसून डिझाइन उघडलं आणि बारा फुटांवर उभी रेघ मारली.

वेल्डर काका फ्रेमची मापं घ्यायला आले. बाबांच्या वेळेपासून आमच्या फ्रेमा तेच जोडतात. मी म्हटलं, "काका, दोन करा. एक बारा बाय चार, एक आठ बाय चार."

"दोन तुकडे केले की मधे एक उभा पाइप वाढतो, बरं का. चार फूट जास्त."

"तो माझ्याकडे लावा. आठचा सगळा खर्च माझा."

काकांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि टेप गुंडाळला.

पाचफुटी रोलवर दोन्ही छापले. पाइपवर वळवायला चारही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त सोडलं, त्याचे पैसे मी कुणाकडूनच घेत नाही. दादाच्या तुकड्यात एक अक्षर बदललं नाही. आठच्या तुकड्यात बाबांच्या फोटोखाली माझ्या दुकानाचं नाव टाकलं. अक्षरं नवी नाही घेतली. त्या पत्र्याच्या पाटीचाच फोटो काढला आणि बाबांची अक्षरं जशीच्या तशी मोठी केली.

सकाळी काका शिडीवर चढले. आधी दादाची फ्रेम बसली. तो कमरेवर हात ठेवून बघत होता. फ्रेम भिंतीच्या रेघेवर संपली तसा तो ओरडला, "हे काय? मी वीसचा सांगितला होता!"

"वीसचा सांगितलास, पैसे बाराचे दिलेस. मी तेव्हाच बोलले होते."

तेवढ्यात दुसरी फ्रेम वर गेली. बाबा हसत माझ्या दारावर बसले. समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला, चहावाला थांबला, दोन बायका पिशव्या सावरत वर बघू लागल्या.

"उतरवा ते!" दादा काकांवर धावून गेला.

"तूच उतरव," मी म्हटलं. "शिडी लावलेलीच आहे. सगळे बघतायत, चढ आणि बाबांना खाली ओढ."

त्याने शिडीला हात घातला. शिंप्याकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. मग हात काढून घेतला. त्याचं तोंड असं झालं होतं की वर्षभराचं सगळं माझं वसूल झालं. मला कीव आली नाही. आनंद झाला, भरपूर झाला.

मी विसाची नोट त्याच्या हातात कोंबली. "तुझे उरलेले."

तो आपल्या बारा फुटांकडे बघत होता. तिथे मोठ्या अक्षरात 'बाबांच्या आशीर्वादाने' होतं, आणि बाबा नव्हते.

"माझ्या बॅनरवर बाबा नाहीत," तो दात आवळून, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला. "त्यांचा फोटो टाकायचे किती घेशील?"

"दहा रुपये चौरस फूट," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "फ्रेम वेगळी."