आठवं कलम नसलेला करार

अरे ऐका ना, काल ऑफिसात काय झालं ते! आमच्या निलोफर आपांकडे, अरबी भाषांतराला, देवळ्याच्या चिमाजीकाकांचा करार आला होता. इंग्रजी, कुवेतच्या व्यापाऱ्याशी कांद्याचा. अरबी प्रत आजच हवी होती. काकांचा जीव एकाच कलमात अडकलेला, ९.३. माल पोचल्यावर तीन दिवसांत खरेदीदाराने तक्रार केली नाही, तर नंतर माल नाकारता येणार नाही.

आले काय, तर मोबाइलवर आठ फोटो, आणि खालचे पान नंबर काकांच्या अंगठ्याखाली! कागद दोन्ही बाजूंनी छापलेले. काकांनी आधी सगळ्या पुढच्या बाजू काढल्या, मग गठ्ठाच्या गठ्ठा उलटा करून मागच्या. म्हणजे एक, तीन, पाच, सात, आणि मग आठ, सहा, चार, दोन. मी पानाच्या शेवटी तुटलेलं वाक्य पुढे कुठे सुरू होतं ते बघत बघत फोटो ओळीने लावले.

पण सातवं कलम संपलं आणि पुढच्या पानावर थेट नववं. मला वाटलं, पान गेलं! काकांना फोन लावला.

"नाय गं पोरी, आठवं बोलणीतच काढून टाकलं. आकडे तसेच राहिले."

बरं, आपांनी भाषांतर केलं, आमच्या टायपिंगवाल्या शहजादने फाइल छान दिसावी म्हणून आपोआप नंबर पडणारी सोय लावली. मला अरबी येत नाही, पण आकडे शिकलेय. सहज बाराव्या कलमातला 'कलम ९.३ पाहा' शोधायला गेले, तर बारावं अकरावं झालेलं! कॉम्प्युटरने आठची रिकामी जागा भरून पुढचे सगळे आकडे एकेक कमी केलेले. आणि अरबीतल्या ९.३ वर काय, आपांनी वाचून दाखवलं, तर खरेदीदार करार मोडू शकतो ते कलम. ते खरं १०.३.

शहजाद म्हणाला, "मग आठ नंबर घालून टाकू ना मध्ये."

आपा म्हणाल्या, "मूळ कागदात जे नाही, ते आपण लिहायचं नाही."

मग सोय काढली, आकडे हाताने टाकले, आठच्या जागी कंसात भाषांतरकाराची टीप, 'मूळ प्रतीत हे कलम नाही'. मी इंग्रजी वाचायचे, आपा अरबी, आणि जिथे जिथे 'पाहा' होतं तिथे उलटून बघायचं. शहजादने सगळ्यांना चहा पाजला, बिचारा.

आज काका आले आणि आमच्याच टेबलावरून कुवेतला व्हिडिओ कॉल लागला. तिकडच्या व्यापाऱ्याच्या वकिलाने आठवं कुठे ते विचारलं. आपांनी टीप दाखवली, तो "बरं" म्हणाला. मग त्याने तक्रारीची मुदत कुठे ते विचारलं, आपांनी काकांना सांगितलं. काकांनी इंग्रजीत ९.३ वर बोट ठेवलं, त्याने स्क्रीनवर अरबी ९.३ वर ठेवलं. दोघांची बोटं एकाच ओळीवर!

काकांनी सही केली, आणि मला म्हणाले, "पुढच्या वेळी अंगठा लांब ठेवतो."