पंच्याऐंशी, आटे कोरडे

पान १४. शाफ्टवर बेअरिंग बसते ती जागा: ४०.००२ ते ४०.०१८ मि.मी.

"बेअरिंगचं भोक चाळीसचं. आन शाफ्ट चाळीसपेक्षा जाड. आता मला सांगा ताई, जाड वस्तू बारीक भोकात कशी जाईल?"

राजुरीतल्या आपल्या वर्कशॉपमध्ये दादाभाऊंनी हे विचारलं तेव्हा हर्षा अजून बसलीही नव्हती. रोटाव्हेटर म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडायचं, फिरत्या पात्यांनी माती फोडणारं अवजार; त्याच्या कॅटलॉगचं मराठी भाषांतर तिनंच केलं होतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा तिच्याकडे होता. पण इथं तिची ओळख एकच होती: मंचरच्या खेमचंद शेठची मुलगी. खेमचंद शेठ त्याच कंपनीचे डीलर.

"जात नाही, बसवावी लागते. बेअरिंग तेलात गरम करायचं, फुगलं की सरकवायचं. गार झालं की धरून बसतं."

"आन आमी शाफ्ट थोडा बारीक करून पंच ठोकून टाके मारतो, खड्ड्यांच्या कडा वर येत्यात. बसतंय की."

"बसतं. आणि काही दिवसांनी आत फिरायला लागतं."

"मग मानूस कुठं जातो? तुमच्या वडलांच्या दुकानात, नवीन शाफ्ट घ्यायला." दादाभाऊ हसले. "म्हंजे आमचे टाके तुमाला फायद्याचेच. तरी तुमी टाके मारू नका म्हणता. का बरं?"

हर्षानं कॅटलॉगचं पान उलटलं. चांगला सल्ला देणंसुद्धा इथं संशयास्पद होतं.

०

पान १९. ऑइल सील जिथे घासते तो पृष्ठभाग: खडबडीतपणा ०.२ ते ०.८ मायक्रॉन. तिरप्या रेघा नसाव्यात.

लेथवर रखमाजी. वय साठीच्या पुढं, चष्म्याची एक काडी दोऱ्याची.

"ह्ये बघा," त्यानं शाफ्ट पुढं केला. "आरशावानी केलाय. मिशी दिसंल तुमची."

"मला नाही मिशी."

"माझी बघा मग."

"काका, फार गुळगुळीतही चालत नाही. ०.२ च्या खाली गेलं तर तेलाचा थर टिकत नाही, तेल अडवणाऱ्या सीलची कड कोरडी जळते. आणि पॉलिश पेपर शाफ्टवर पुढे-मागे ओढलात ना? त्याच्या तिरप्या रेघा पडतात. शाफ्ट फिरला की त्या रेघा स्क्रूसारखं तेल बाहेर ढकलतात."

रखमाजीनं दादाभाऊंकडं पाहिलं. "खडबडीत नको म्हणती. गुळगुळीत बी नको म्हणती."

"कंपनीची मान्सं हायेत," दादाभाऊ म्हणाले. "त्यांना आपून नको."

०

ती आली होती ती या दोन पानांसाठी नाही.

खोडदच्या बहिरूचा रोटाव्हेटर दादाभाऊंनी दुरुस्त केला होता. रानात चालू असताना त्याचा रोटर, पात्यांचा फिरता दांडा, निखळला. तो धरणाऱ्या चकतीच्या, फ्लॅन्जच्या बोल्टांपैकी चार तुटले, पात्यांसकट लोखंड ढेकळांवरून उडालं. बहिरू ट्रॅक्टरवर होता म्हणून वाचला. बांधावर उभा असता तर? खोडदला दोन दिवस हाच विषय. तशाच पद्धतीनं जोडलेल्या आणखी मशिनी जुन्नर-आंबेगावात फिरत होत्या. एक जरी अशी सुटली, तर दादाभाऊंच्या दारात कुणी नट आवळायलाही येणार नव्हतं. आणि ते तर कमीच. पुढच्या वेळी बांधावर कुणीतरी असू शकत होतं.

दादाभाऊंनी फोनवर हर्षाला एवढंच म्हटलं होतं: "तुमी लिवलेला आकडा घेऊन या. खरा आकडा."

०

पान २३. रोटर फ्लॅन्ज, बोल्ट एम-१२, ग्रेड ८.८, आवळण्याचा जोर (टॉर्क): ८५ न्यूटन-मीटर.

"हा आकडा तुमी वाढवला."

"नाही."

"मग कोणी? शेठनी?"

तिनं मोबाइलवर मूळ इंग्रजी पान उघडलं. तिथंही ८५. दादाभाऊंनी ते बोटांनी मोठं करून पाहिलं, कडा पाहिल्या, पुन्हा लहान केलं.

"मोबाइलवर काय बी दिसतं."

"मग टॉर्क पाना बघू. त्याचा काटा बरोबर आहे का?"

"म्हंजे आता माझा पाना खोटा?"

रखमाजीनं लेथ बंद केलं. त्या शांततेत हर्षाला भिंतीवर चिकटवलेला तक्ता दिसला. तिच्याच कॅटलॉगचं पान. ८५ च्या खालची ओळ बॉलपेननं इतक्या जोरात खोडलेली की कागद फाटला होता.

~~टीप: आटे कोरडे व स्वच्छ असावेत. ग्रीस अथवा तेल लावल्यास हे मूल्य लागू नाही.~~

"ही ओळ कोणी खोडली?"

"मी," दादाभाऊ म्हणाले. "कोरडा बोल्ट कोन घालतं? गाळात चाललेली मशीन. कोरडा घातला तर एका पावसात गंजून जाम. मग कापून काढायचा. माझ्या वडलांनी कधी कोरडा नट घातला न्हाई. मी वळखलं, ही ओळ बोल्ट जाम व्हावा म्हनून घातलीय."

"मग काय लावलंत?"

"काळं ग्रीस. बरणीत बुडवून."

"आणि आवळला किती?"

"पंच्याऐंशी. तुमीच लिवलंय."

०

(इथं कॅटलॉगमध्ये काहीच नाही.)

हर्षानं कोपऱ्यात आणून ठेवलेल्या बहिरूच्या मशीनवरचा न तुटलेला एक बोल्ट मागितला. रखमाजीनं फ्लॅन्जवरून काढून दिला. तिनं तो पुसला आणि सोबत आणलेला नवा नट त्यावर हातानं फिरवला. चार वेढे गेला आणि मध्येच अडकला. तोच नट नव्या बोल्टवर बोटाच्या धक्क्यानं शेवटपर्यंत गेला.

दादाभाऊंनी दोन्ही बोल्ट तिच्या हातातून घेतले. स्वतः फिरवले. मग खिशातून दुसरा नट काढून फिरवला. तिनं आणलेला नटही खोटा असू शकत होता.

तोही तिथंच अडकला.

"बोल्ट ताणलाय," ती म्हणाली. "आट्यांमधलं अंतर वाढलं, म्हणून नट जात नाही. पाना फक्त हाताचा जोर मोजतो. त्या जोरातला बराचसा घासण्यात जातो, थोडाच बोल्ट ओढतो. तुम्ही ग्रीस लावून घासणं कमी केलं. जोर तेवढाच ठेवला. मग उरलेला जोर गेला कुठं?"

"बोल्टात," रखमाजी म्हणाला.

दादाभाऊंनी अडकलेला नट उलटा फिरवून काढला. "ग्रीस न लावता मी मशीन देनार न्हाई."

"नका देऊ. पण मग आकडा वेगळा."

"किती?"

"मी सांगणार नाही. कंपनीला विचारते."

तिनं तिथंच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडच्या इंजिनिअरनं ग्रीस कोणतं ते विचारलं, डब्याचं नाव लिहून घेतलं आणि थोड्या वेळानं उलट फोन केला. त्या ग्रीसला साठ. ताणलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत.

"लेखी पाठवा," दादाभाऊ फोनकडं वाकून ओरडले. हर्षाला म्हणाले, "तुमच्या नंबरावर नको. माझ्या."

०

पान २३, दादाभाऊंच्या अक्षरात: काळं ग्रीस, ६०. जुने बोल्ट फेकणे.

लिहून झाल्यावर त्यांनी पहिला फोन अवसरी बुद्रुकच्या कुशाबाला केला; त्याचाही रोटर त्यांनीच जोडला होता.

"कुशाबा, मशीन लावू नको आज. रोटरचे बोल्ट बदलायचेत."

"का? झ्याक चाललीय."

"ताणलेत ते."

"कोन म्हनलं?"

"कंपनीनं."

"आरं तिच्या! मग कायतरी खपवायचं असनार. तू कधीपास्नं त्यांच्यातला झाला, राव?"

"तसं न्हाई. ऐक. पाना हाय ना, तो हाताचा जोर मोजतो—"

"आन शेठची पोरगी आली व्हती म्हनं तुझ्याकडं? सकाळीच कळलं मला."

दादाभाऊंनी फोनकडं पाहिलं, मग हर्षाकडं.

"मशीन बंद ठेव," ते एवढंच म्हणाले. "मी येतो."

त्यांनी पिशवीत टॉर्क पाना टाकला, नवे बोल्ट टाकले. हर्षा पर्स उचलायला लागली.

"तुमी कुठं?"

"समजावून सांगते ना त्यांना."

"नको, ताई. तुमाला बघून तो मशीन उसात लपवील."

त्यांनी मोटारसायकलला किक मारली आणि अवसरीच्या वाटेला लागले.