पिंजौरच्या लोणच्याची नोंद

मानवजातीने आजवर जी थोर कार्यं केली, त्यांत सर्वांत थोर म्हणजे ऐकलेलं लिहून ठेवणं. त्यासाठी कोणी दगड कोरले, कोणी ताम्रपट ठोकले. देवयानीपुढे त्या मंगळवारी दुपारी राजाभाऊंचा अकरा मिनिटं चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज होता आणि त्यातली पहिली तीन मिनिटं पार्किंगबद्दल होती.

देवयानीचा नवरा हवाई दलात. बदली चंदीगडला झाली तशी तिने सेक्टर १७ मधल्या एका कंपनीत नोकरी धरली. कंपनी पॅथॉलॉजी लॅबना रक्त तपासायची मशीनं विकायची. फिरतीवरच्या माणसांनी ग्राहकाला भेटून आल्यावर जे सांगायचं, ते कॉम्प्युटरमधल्या ग्राहकाच्या पानावर नीट भरणं हे तिचं काम. फिरतीवरची बाकीची माणसं स्वतःच दोन ओळी टाइप करायची. राजाभाऊ मात्र सांगलीचे, चंदीगडात बावीस वर्षं मुरलेले. ऑफिसात मराठी समजणारी मुलगी आल्याचं कळलं त्या दिवसापासून त्यांनी टाइप करणं सोडून दिलं होतं.

आज घाई होती. दाखवायला नेण्याचं मशीन कंपनीकडे एकच होतं. ते पिंजौरला जायचं की लुधियानाला, हे चारच्या मीटिंगमध्ये विक्रीप्रमुख नरेंद्र सर ग्राहकांची पानं वाचून ठरवणार होते. पिंजौरच्या डॉक्टर हिमानींच्या लॅबमागे राजाभाऊ दोन वर्षं होते. आज मशीन मिळालं नाही, तर ती दोन वर्षं पाण्यात.

कंपनीने मेसेजचा आपोआप सारांश काढणारी सोयही घेतली होती. देवयानीने बटण दाबलं. सारांश आला: "भेट अत्यंत यशस्वी. ग्राहकाने लोणचे दिले. पुढची कृती: लोणचे."

देवयानीने कानाला हेडफोन लावला.

"...तर देवयानी, काल दुपारी गाडी लावली गुरुद्वाऱ्यापाशी. आता जिना. जिना म्हणजे काय सांगू, पोरी, मी आडवा चढलो. वर डॉक्टर हिमानी बिचाऱ्या एकेक नमुना हाताने घालत बसलेल्या, रोज सकाळी सातपासून लोक रांगेत असतात म्हणे. तेवढ्यात लाइट गेली. आली. परत गेली. मग डॉक्टर म्हणाल्या, राजाजी, खाना खाके जाइए. पराठे! आणि सोबत लोणचं, कैरीचं नव्हे हां, गलगलचं, म्हणजे इकडच्या मोठ्या लिंबाचं, ते आपल्याकडे मिळत नाही. डॉक्टर आतल्या दाराशी गेल्या, सासूबाईंना विचारून बरणी घेऊन आल्या. सासूबाई सरोजजी. त्यांनी मला विचारलं, मशीन बंद पडलं तर चंदीगडहून कोण येणार आणि किती वेळात? मी म्हटलं, माताजी, मी स्वतः. हसल्या नाहीत. सकाळी त्या सत्संगाला असतात, दुपारी दोननंतर घरी..."

दहाव्या मिनिटाला, पराठ्यात पनीर किती होतं हे सांगता सांगता, ते म्हणाले की शुक्रवारी दुसऱ्या कंपनीची माणसं त्यांचं मशीन घेऊन येणार आहेत. आणि लगेच पुन्हा पनीरवर गेले.

देवयानी भराभर गाळत गेली. पार्किंग, काढलं. पराठे, काढले. लोणचं, सासू, सत्संग, घरगुती गप्पा, काढल्या. उरलं ते एकदम स्वच्छ: 'डॉ. हिमानींना स्वयंचलित मशीन हवं आहे. निर्णय: डॉ. हिमानी.' वाचून तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. 'सेव्ह'वर बोट नेलं आणि ते तिथेच थांबलं. डॉक्टरांना मशीन हवंय, सकाळी रांग लागतेय, मग दोन वर्षं त्या घेत का नाहीत?

तिने फोन लावला. "राजाभाऊ, घ्यायचं की नाही ते शेवटी कोण ठरवतं?"

"अगं, सांगितलं की! सासूबाई."

"कुठे सांगितलंत?"

"लोणच्याचं सांगितलं ना! जी बाई बरणीला हात लावायला सासूला विचारते, ती मशीन विचारल्याशिवाय आणेल होय? सगळं सविस्तर सांगतो, तुम्ही लोक ऐकत नाही."

"हा तुमचा अंदाज झाला, राजाभाऊ. पानावर मी असं लिहू? आधार: लोणचं?"

"लिही की. बावीस वर्षांचा अनुभव आहे."

"डॉक्टरांना फोन करून विचारा. आत्ता. साडेतीन वाजलेत. आणि गुरुवारी दुपारी मशीन आणलं तर चालेल का, तेही विचारा."

"बाईमाणसाला असं तोंडावर विचारायचं, घरात कोणाचं चालतं?"

"मग तोंडावर नका विचारू. मशीन दाखवताना कोणाकोणाला बसवू, एवढंच विचारा."

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. राजाभाऊंच्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट होती. सात मिनिटांनी त्यांचा फोन आला. "डॉक्टर हसायला लागल्या. म्हणाल्या, मम्मीजींना बसवा, जागा त्यांची, होकारही त्यांचाच. गुरुवार पक्का. आणि पोरी, पनीर म्हणजे—"

"राजाभाऊ, ठेवते."

आता काढून टाकलेल्यातलं कामाचं तेवढं तिने कचऱ्यातून परत उचललं आणि एकेक ठिकाणी बसवलं. पान इंग्रजीत होतं, मराठीत ते असं:

'गरज: सकाळी सातपासून रांग, नमुने हाताने घालावे लागतात. निर्णय: सरोजजी (डॉ. हिमानींच्या सासूबाई), डॉक्टरांकडून फोनवर खात्री केली. त्यांची शंका: बिघाड झाल्यास कोण येणार, किती वेळात. अजून लेखी उत्तर दिलेलं नाही. जागा: पहिला मजला, जिना अरुंद, दोन माणसं लागतील. भेटीदरम्यान वीज दोनदा गेली, यूपीएस सोबत न्यावा. स्पर्धक: शुक्रवारी येणार. पुढची कृती: गुरुवार, दुपारी दोननंतर (सरोजजी सकाळी सत्संगाला असतात), मशीन त्यांना दाखवणं. जबाबदारी: राजाभाऊ. खरेदीची अपेक्षित तारीख: ग्राहकाने सांगितलेली नाही.'

शेवटच्या ओळीवर कॉम्प्युटर अडून बसला. तारीख हवीच. दिवाळी टाकावी असा मोह तिला झाला, कारण मेसेजच्या शेवटी राजाभाऊ 'माझं मन सांगतं, दिवाळीत घेतील' असं म्हणाले होते. पण तिने 'माहीत नाही' हा खालच्या टोकाला दडवलेला पर्याय शोधून काढला.

चारच्या मीटिंगमध्ये नरेंद्र सरांनी आधी लुधियानाचं पान उघडलं. 'ग्राहक अत्यंत उत्सुक. नव्वद टक्के खात्री.' मागच्या महिन्यातही तेच होतं, त्याच्या मागच्या महिन्यातही. मग पिंजौरचं उघडलं. ते दोनदा वाचलं.

"ये सत्संगवाली बात किसने निकाली?"

"सर, दोननंतरच का जायचं ते कळायला हवं म्हणून—" देवयानी मराठीतच सुरू झाली आणि घाईने हिंदीवर आली.

"मशीन पिंजौर," नरेंद्र सर म्हणाले. "यूपीएस के साथ. और सर्विसवाले से लिखवा लो कि कितने घंटे में पहुँचेगा. माताजी के लिए." मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी जाहीर केलं की हे पान आदर्श म्हणून उत्तर भारतातल्या सगळ्या शाखांना जाणार, नव्या माणसांच्या प्रशिक्षणात हेच शिकवलं जाणार आणि त्यावर नाव असेल राजाभाऊंचं आणि देवयानीचं.

देवयानी तरंगतच जागेवर आली. तिने राजाभाऊंना पान पाठवलं आणि खाली लिहिलं: मशीन आपल्याला मिळालं!

दोन मिनिटांनी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. चक्क नऊ सेकंदांचा.

"शाब्बास पोरी! पण हे एवढं बारीक कोण वाचणार? गाडीत आहे, चष्मा बॅगेत. तू असं कर, जरा बोलून पाठव की."