समुद्रावरचा आळ

कचेरीबाहेरच्या वडाखाली अर्ज लिहिणारा मी. दुपारी तिथं डोळ्यांवर झापड येते, कागद आणि ऊन एकाच रंगाचे दिसतात. तशात पूर्णगडची ठमाबाई समोर येऊन बसली आणि माझी झोप मोडली. मला रागच आला.

तिच्या सुकत घातलेल्या जाळ्याची चोरी झाली होती. ते गावच्या रावजीच्या खळ्यात तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ठाण्यावर गेली, तर घाटावरून नवीन आलेल्या फौजदारानं फिर्याद लिहूनच घेतली नाही. "उधाणात समुद्रानं नेलं असेल. समुद्रावर गुन्हा लिहू?" म्हणाला. आणि रावजी तर झाडाची साल उकळून जाळं रंगवायच्या तयारीत होता. एकदा रंगलं की कुणाचं ते कोण ओळखणार? तिच्या घरी दुसरं जाळं नव्हतं.

मी झोकात लिहिलं, "मेहेरबान सुपरिंटेंडेंट साहेब, गरिबावर कृपादृष्टी..."

"किरपा नको," ती म्हणाली. "ठाण्यावर मी कदी गेले, त्यानं लिवलान नाय, ता लिव. नि जाळां गेलां अष्टमीला. ती तीथ पन घाल."

"साहेबाला तिथी कशाला?" मी खेकसलो. पण लिहिली.

अर्ज वाचून साहेबानं आम्हां दोघांना आत बोलावलं. पंखा संथ हलत होता, खिडकीतून मांडवीच्या किनाऱ्याची गाज येत होती. अर्धवट जागा असल्यासारखा मी उभा होतो, आणि ती बोलायला लागली तेव्हा समुद्रच खोलीत आल्यासारखा वाटला.

"सायबा, अष्टमीला भांगाची भरती. पानी वर येतच नाय, वाळू सुकी. दर्यानं माजा घोव न्हेलान, ता मी झाकत नाय. पन जाळां त्यानं न्हेलान नाय. त्याच्यावर खोटा आळ कशाला?"

तिचा नवरा समुद्रानं नेला होता, हे मला तेव्हा कळलं. साहेबानं बंदरावरून भरतीचं कोष्टक मागवलं. त्या दिवशी पाणी खरंच वर चढलेलं नव्हतं. तो म्हणाला, चोरी झाली की नाही ते तपासात कळेल, पण फिर्याद आधी लिहून घ्यायलाच हवी होती. त्यानं तिथंच जबानी लिहवून घेतली, तिला वाचून दाखवली, अंगठा घेतला. गुन्हा नोंदवायचा हुकूम ठाण्यावर गेला, तपासाला दुसरा अंमलदार दिला आणि फौजदाराकडून खुलासा मागवला.

चौथ्या दिवशी ठमाबाई परत आली. जाळं रावजी रंगाच्या हंड्यात घालत असतानाच सापडलं होतं, एक कड तेवढी तांबडी झालेली.

"चल, मांडवीवर," ती म्हणाली. का कोण जाणे, मी दौत झाकून तिच्यामागं गेलो. भरती हळूहळू चढत होती. ठमाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहिली, ओंजळ भरून डोळ्यांना लावली.

"तुज्यावरचा आळ मी काडलाय," ती समुद्राला म्हणाली. "आता माजा घोव तेवडा परत दे."