दोन उलट्या बटणांची गोष्ट

लिंबू पिळलेला, तीन चमचे साखरेचा चहा रेनाताच्या लॅपटॉपवर सांडला, तेव्हा पहिल्यांदा तिला हिशोबाच्या फायली आठवल्या नाहीत. आठवलं ते एम आणि एन.

मेलेल्या भावाची, व्हितेकची, ती करामत. शेवटच्या ख्रिसमसला तिची नजर चुकवून त्यानं कीबोर्डवरची ही दोन बटणं उपटली आणि अदलाबदल करून बसवली. रेनाता न बघता टाईप करायची, तेव्हा सगळं सुरळीत. पण खाली बघितलं की हमखास चूक. मग "व्हितेक, गाढवा!" आणि मागून त्याचं खिदळणं. तो गेला फेब्रुवारीत. बटणं तिनं तशीच ठेवली.

तिनं चार्जर उपटला, पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद केलं, टॉवेलवर पालथं घातलं आणि उचलून थेट लुड्विककाकांच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं.

"साखर होती?"

"तीन चमचे."

"अरे वा! चहा होता की मुरंबा?" काका हसले. "तांदळात नाही ना खुपसलंस? हीटरवर नाही ना ठेवलंस?"

"नाही."

"शहाणी आहेस. चालू मात्र करू नकोस. साखर सुकली की गोंद होतो. सगळं खोलून धुवावं लागेल."

बटणांचं सांगायचं तिच्या ओठांवर आलं. पण काकांनी परत थट्टा केली असती, आणि या एका गोष्टीची थट्टा तिला चालली नसती. लॅपटॉप तिथंच ठेवून ती निघाली.

तिसऱ्या दिवशी काकांनी लॅपटॉप पुढे सरकवला. "बॅटरी आधी काढली. बटणं एकेक उपटून धुतली, खालचं सगळं शुद्ध पाण्यानं, मग स्पिरिटनं पुसलं आणि पंख्याखाली वाळवलं. आणि हो, कुणा मूर्खानं दोन बटणं उलटी लावली होती! तीही सरळ केली. त्याचे पैसे नकोत."

रेनातानं खाली बघितलं. एम एमच्या जागी. एन एनच्या.

"काका, परत उलटी करता येतील?"

"उलटी?" काकांचं हसू ओसरलं. तिचा चेहरा बघून ते हळूच म्हणाले, "बटणांखालचे प्लास्टिकचे हूक बघ, पांढरे पडलेत. आधीच कुणीतरी ओढाताण केलेली. आता उपटलं तर मोडतील, बटण बसणारच नाही."

"मग राहू द्या."

"आणि ऐक. आतल्या बारीक तारांना गंज धरतो. आज चालेल, महिन्याभरात एखादं बटण मरेल. फायलींची कॉपी काढून ठेव. मेलं की अख्खा कीबोर्ड बदलू."

तिनं कॉपी काढली. मार्चअखेर एम दोनदा उमटायला लागला, मग दाबून दाबून, मग मुळीच नाही. रेनातानं खाली बघितलं, बोट रोवून दाबलं.

"व्हितेक, गाढवा!"

सवयीनं निघून गेलं तोंडातून. तिनं मान वळवून मागं बघितलं. खिदळायला तिथं कुणीच नव्हतं.