सगळ्यांना एकदम मंजुरी

चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मृदुला मेंटेनन्सची प्रमुख होती. बाई कामाला वाघ, पण शनिवारी घरी निघताना एक काम डोळे मिटून करायची. संगणकावर साचलेल्या मशीनच्या कामांच्या विनंत्या 'सगळे निवडा' म्हणून एका फटक्यात मंजूर. सोमवारच्या मीटिंगमध्ये राहिलेल्या विनंत्या लाल दिसत आणि लाल दिसलं की प्लँटहेड अवधूत सरांचा पारा चढे. शिवाय यादीत असायचं काय? 'तेल-ग्रीस', परत 'तेल-ग्रीस'. ते कोण वाचत बसणार!

त्या शनिवारी बटण दाबून तिनं पर्स उचलली, तोच सुपरवायझर निरंजनचा फोन आला.

"अप्रूव्हल आलं मॅडम. थँक यू हां!"

थँक यू? ग्रीससाठी? या माणसानं आजवर कधी साधा नमस्कार केला नव्हता. मृदुलाच्या मनात पाल चुकचुकली. ती परत बसली आणि एकेक विनंती उघडू लागली. ग्रीस. ग्रीस. मग एका 'तेल-ग्रीस'च्या आत भलतंच निघालं: 'मोठ्या प्रेसचा लाइट कर्टन सोमवारपर्यंत बायपास करणे.' जुनी विनंती कॉपी करून आतला मजकूर बदलायची सगळ्यांनाच सवय होती. मथळा तसाच राहायचा.

लाइट कर्टन म्हणजे माणसाचा हात आत गेला की प्रेस जागेवर थांबवणारा किरणांचा पडदा. तिनं मंजुरी रद्द केली, पण स्क्रीनवर रद्द केल्यानं तिकडे पडदा निकामी करायला जोडलेली वायर थोडीच सुटणार होती? निरंजन फोन उचलेना. ती धावतच सुटली.

मोठ्या प्रेसवर ऑपरेटर विक्की आत हात घालून, वाकडा बसलेला पत्रा सरळ करत होता. तिनं प्रेस थांबवायच्या लाल बटणावर थाप मारली.

"हात बाहेर काढ आधी!"

पॅनेल उघडलं तर वायर जोडलेली. तिनं मेन स्विच बंद करून, कुणी परत चालू करू नये म्हणून त्याला स्वतःचं कुलूप लावलं. तोवर निरंजन आला.

"पडदा सारखा ट्रिप होऊन प्रेस थांबवत होता मॅडम. टार्गेट कसं काढायचं?"

"म्हणून लपवून मंजुरी घेतलीस?"

"लपवलं कुठं? आत स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही उघडत नाही, हे अख्ख्या शॉपला माहितीये."

तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

पुढच्या शनिवारी तिनं एकेक विनंती उघडायला घेतली. ग्रीसचं काम खरंच ग्रीसचं आहे, एवढं बघून तेवढीच एकत्र मंजूर केली. सुरक्षेच्या साधनांना हात लावणारी विनंती गठ्ठ्यात घ्यायचीच नाही, आधी मशीनपाशी जाऊन बघायचं आणि सेफ्टी ऑफिसरचीही सही लागेल, असा नियम लावून घेतला. वाचून न झालेल्या बाकीच्या तशाच ठेवल्या.

सोमवारी मीटिंगमध्ये स्क्रीनवर लाल ओळी झळकल्या.

"हे काय, मृदुला?" अवधूत सरांनी विचारलं.

"वाचून व्हायच्यात, सर."

निरंजन खाली बघत होता. काचेपलीकडे विक्की दोन्ही हातांनी पत्रा उचलत होता.