एका पानात तीन

अरुंधती टोकेकर बाईंचा डिक्टेशनवर फार जीव. वीस वर्षं त्यांनी कॉस्टिंग, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब, शिकवला तो एकाच पद्धतीनं. टेबलाला टेकून उभं राहायचं, नजर छताला लावायची आणि सांगत सुटायचं. "फुल स्टॉप. नया पैराग्राफ." मुलं माना खाली घालून लिहून घेत. त्यातलं कळलं किती हा प्रश्न बाईंनी कधी विचारला नाही, आणि मुलांनीही आपणहून तो विषय काढला नाही. दोन्ही बाजू सुखी होत्या.

मग त्या हिंदीभाषक शहरातल्या कापड-मिला एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या आसपास मॅनेजमेंट शिकवणाऱ्या संस्था उगवल्या. बाईंचे यजमान रघुवीरराव मिलच्या अकाउंट्समध्ये होते. भोंगा थांबला तसे ते रामबागेतल्या घरात खुर्चीवर बसले ते बसलेच. बोलणं म्हणाल तर चहा हवा आणि चहा नको, एवढंच. घर बाईंच्या तासांवर चालायचं, आणि ते तास एका खासगी संस्थेच्या संध्याकाळच्या बॅचचे होते.

त्या संस्थेचे डायरेक्टर उदयसिंहजी यांनी नवाकोरा प्रोजेक्टर घेतला आणि फर्मान काढलं, की यापुढे प्रत्येक लेक्चर स्लाइडवर, आणि प्रत्येक मुलाच्या हातात छापील हँडआउट. "मैडम, दिवाळीपर्यंत बघू," ते गोड आवाजात म्हणाले. "क्लास भरा रहा तो बॅच आपकी. नहीं तो नचिकेतला देऊन टाकू." नचिकेत नुकताच पुण्याहून शिकून आलेला, टाय लावणारा.

कॉम्प्युटर लॅब संबोधी बघायची. महूहून रोज बसनं येणारी, हसतमुख, पण कामात घाई न खपवणारी मुलगी. तिच्याकडून बाईंनी स्लाइड करायला शिकून घेतलं आणि वीस वर्षांचं डिक्टेशन शब्दन् शब्द त्यात ओतलं. स्लाइडा भरगच्च झाल्या. छापायची वेळ आली तेव्हा संबोधी म्हणाली, "मैम, प्रिंटमध्ये हँडआउट्स घ्या, तीनवालं. डावीकडे स्लाइड येते, बाजूला लिहायच्या लाइनी आपोआप येतात."

"रिकाम्या ओळी छापायच्या? कागद काय झाडाला लागतो?"

"मग सहावालं घ्या. पण त्याच्यात लाइनी नाही येत."

बाईंनी सहाचं घेतलं. त्यांना मुलांचं भलंच करायचं होतं. आपल्याजवळ आहे ते सगळं देऊन टाकावं, हात आखडू नये, असा त्यांचा स्वभाव. स्लाइडची मागची निळीगर्द पाटीही तशीच छापली, त्यामुळे झेरॉक्समध्ये प्रत्येक चौकोन काजळी धरलेल्या तव्यासारखा निघाला. वरच्या हेडरात पहिल्या लेक्चरला त्यांनी स्वतःचं नाव घातलं, दुसऱ्याला 'कॉस्टिंग', तिसऱ्याला काहीच नाही. पानांचे आकडे मात्र प्रत्येक फाइलमध्ये एकपासूनच सुरू.

परिणाम लवकरच दिसला. झेरॉक्सवाल्याकडे गठ्ठे एकमेकांत मिसळले आणि कुठल्या लेक्चरचं 'पान दोन' कुठलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येईना. चाचणीत निम्म्या वर्गानं मालाच्या किमतीचं गणित मजुरीच्या रीतीनं सोडवलं. पण त्याहून वाईट म्हणजे वर्ग ओस पडू लागला. पंचशील नावाचा एक मुलगा दिवसा दुकानात काम करून यायचा. तो जिन्यात भेटला तेव्हा बाईंनी विचारलं, "काय रे, येत का नाहीस?"

"मैम, सब तो पन्ने में है," तो सरळपणे म्हणाला. "मग येऊन काय करू?"

बाईंना ते फार लागलं. घरी येऊन त्यांनी तो गठ्ठा टेबलावर आपटला आणि तोंड धुवायला गेल्या. परत येऊन पाहतात तर रघुवीररावांच्या हातात एक पान. खिशातलं पेन निघालेलं. ते पान उभं धरत होते, आडवं धरत होते, कडेनं बोट फिरवत होते.

"काय शोधताय?"

"अगं, घसाऱ्याचं तुझं उदाहरण आमच्या मिलला लागू नाही. लिहायला गेलो, तर जागाच नाही कुठे." आणि पान ठेवून ते पुन्हा खुर्चीत बसले.

इतकं मोठं वाक्य बाईंनी त्यांच्या तोंडून कैक दिवसांत ऐकलं नव्हतं. कागद वाचवायच्या नादात आपण माणसाच्या हाताला जागाच ठेवली नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. डिक्टेशनमध्ये निदान पेन तरी चालत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या लॅबमध्ये संबोधीशेजारी बसल्या आणि स्वतःच्या स्लाइडा निर्दयपणे कापल्या. प्रत्येकीवर एक आकृती नाहीतर एक प्रश्न, बस. उत्तरं काढून टाकली. वीस वर्षांची वाक्यं पुसताना जीव तुटत होता, ते खोटं कशाला सांगा. मग 'हेडर अँड फूटर'मध्ये नोट्स-हँडआउट्सच्या टॅबवर जाऊन सगळ्या लेक्चरांना एकच साचा दिला. आधी विषय, मग लेक्चरचा क्रमांक, खाली पानाचा आकडा. आता दोन लेक्चरांची पानं वाऱ्यावर उडाली तरी पुन्हा लावता आली असती. छपाई निव्वळ काळ्या-पांढऱ्यात, एका पानात तीन स्लाइडा, उजवीकडे ओळी.

"आता कसं!" संबोधी म्हणाली.

पानं वर्गात वाटली तेव्हा ती न्यायला आलेली मुलं चक्रावली. त्यांना वाटलं, प्रिंटर अर्ध्यात बिघडला. पण पंचशील ओळी बघून शेजारच्या मुलाला म्हणाला, "ओ भिया, पेन दे बे." पुढच्या तासाला बातमी पसरली, की टोकेकर मॅडमच्या पानात उत्तरं नसतात. मुलं कुरकुरत आली, पण आली.

दिवाळीच्या तोंडावर उदयसिंहजी न सांगता मागच्या बाकावर येऊन बसले. त्यांनी पान उचललं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मैडम, ये क्या? आधा पन्ना खाली?"

बाईंचा आवाज नेहमीचाच निघाला. "हो सर. तो भरायला क्लासला यावं लागतं."

वर्ग हसला. डायरेक्टरांनी भोवती पाहिलं. एकही बाक रिकामा नव्हता. पडद्यावर स्लाइड होती. कापड-मिलचं चित्र, खाली एवढंच: 'उत्पादन शून्य. कोणता खर्च चालूच राहतो?' पेनं भराभर चालली होती. चौकीदार. विमा. घसारा. जागेचं भाडं. पंचशीलनं मान वर न करता विचारलं, "मैम, और मिल के आदमी का घर? वो लिखें कि नहीं?"

"पुस्तकात तो मिलचा खर्च नाही," बाई म्हणाल्या. "पण ओळ आहे ना तुझ्याकडे. लिही."

उदयसिंहजींनी खिसे चाचपले आणि शेजारच्या मुलाकडून पेन मागून घेतलं. जाताना एवढंच म्हणाले, "बॅच आपकी."

बाई घरी आल्या. पिशवीतून उरलेलं एक पान काढून त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि कुकर लावायला गेल्या. शिट्ट्या झाल्या, ताटं वाढली, हाक मारली. रघुवीरराव हलले नाहीत. मिलच्या चित्राशेजारच्या ओळी त्यांच्या बारीक, नेटक्या अक्षरांनी गच्च भरल्या होत्या. वरच्या, खालच्या स्लाइडांच्या ओळीही संपल्या होत्या.

"जेवायला येताय ना?"

"थांब गं," ते पेन वर धरून म्हणाले. "आणखी एक पान आहे का?"